चुकांची वही: सात महिने आणि सव्वीस टेस्टनंतर

एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेसाठी मी टेस्ट सिरीज लावली तेव्हा पहिल्याच टेस्टला 100 पैकी 88 प्रश्न सोडवले. 52 बरोबर आले, 36 चुकले. चार चुकांना एक गुण कापला जातो, म्हणजे 9 गेले आणि हातात 43 राहिले. त्याच संध्याकाळी लातूरच्या आमच्या अभ्यासिकेखालच्या दुकानातून चुकलेले प्रश्न उतरवून ठेवायला दोनशे पानी रजिस्टर आणलं. आज सात महिन्यांनी त्यात 340 नोंदी आहेत. वहीचा उपयोग झाला, पण ज्यासाठी मी ती सुरू केली होती त्यासाठी फारसा नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीची वही अगदीच फसली, ते आधी सांगते. मी नऊ रकाने आखले होते. पूर्ण प्रश्न, चारही पर्याय, बरोबर उत्तर, स्पष्टीकरण, विषय, घटक आणि आणखी काय काय. एका टेस्टच्या चुका उतरवायला तीन-साडेतीन तास जायचे. अक्षर सुरेख, दोन रंगांची शाई, आणि परत उघडून बघणं शून्य. तीन आठवड्यांत लक्षात आलं की ही चुकांची वही राहिलीच नाही, वाईट प्रकारे काढलेल्या नोट्स झाल्यात. आता पाचच रकाने आहेत: टेस्ट आणि प्रश्न क्रमांक, उपघटक, कारणाचं एक अक्षर, ‘मी तेव्हा काय समजले होते’, आणि शेवटी एका ओळीत नियम. प्रश्न उतरवत नाही, प्रश्नपत्रिका फाइलला लावलेली असतेच. एका नोंदीला दोन मिनिटं लागतात.

कारणाची अक्षरं पाच आहेत. ‘म’ म्हणजे माहितीच नव्हती. ‘घ’ म्हणजे घोळ, दोन गोष्टी माहीत होत्या पण एकमेकींत मिसळल्या. ‘व’ म्हणजे वाचण्यातली चूक, ‘ह’ म्हणजे हिशेबातली, ‘त’ म्हणजे तुक्का. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द मी वहीतून हद्दपार केला आहे. तो लिहिला की मनाला बरं वाटतं आणि शोध तिथेच थांबतो.

सगळ्यात मोलाचा रकाना चौथा. तो स्पष्टीकरण वाचण्याआधी भरायचा, आणि त्याच दिवशी. फक्त बरोबर पर्यायाचं अक्षर बघायचं, मग आपण दुसरा का निवडला होता ते लिहायचं, आणि त्यानंतरच स्पष्टीकरण उघडायचं. एकदा का स्पष्टीकरण वाचलं की ‘हे तर मला येत होतं’ असं वाटायला लागतं आणि तेव्हाचा खरा विचार पुसला जातो. मी दोनदा हा रकाना दुसऱ्या दिवशी भरला. त्या पानांवर ‘गडबड झाली’ याशिवाय काहीच नाही.

या रकान्यामुळे काय सापडलं त्याचं एक उदाहरण देते. पहिल्या आठ टेस्टमध्ये राज्यशास्त्रातले माझे चार प्रश्न चुकले: एक राष्ट्रपतींवरील महाभियोगाचा, एक उपराष्ट्रपतींना पदावरून दूर करण्याचा, एक लोकसभा अध्यक्षांचा आणि एक सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा. उपघटकाचा रकाना पाहिला तर चार वेगवेगळे घटक, प्रत्येकात एकच चूक, म्हणजे कमकुवत असं काहीच दिसत नाही. पण चौथा रकाना सलग वाचला तर चारही ठिकाणी मी जवळजवळ एकच वाक्य लिहिलं होतं: ‘दोन तृतीयांश हवं असं वाटलं, पण कशाचं ते बघितलं नाही.’ म्हणजे राष्ट्रपती हा घटक कच्चा नव्हता, बहुमताचे प्रकार कच्चे होते. मी आधी राष्ट्रपतींचं प्रकरण पुन्हा वाचलं असतं तर एक दिवस वाया गेला असता.

मग एका पानावर आकडे घालून सोडवलं. लोकसभेच्या 543 जागा. समजा 20 रिक्त आहेत, आणि त्या दिवशी 420 जण हजर राहून मतदान करतात. अध्यक्षांना हटवायचं असेल तर कलम 94 प्रमाणे तत्कालीन सर्व सदस्यांचं बहुमत लागतं. रिक्त जागा वजा होतात, 523 उरतात, म्हणजे 262 मतं. न्यायाधीशांसाठी कलम 124 मध्ये दोन अटी आहेत: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत म्हणजे 272, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश म्हणजे 280. दोन्ही पूर्ण व्हायला हव्यात, म्हणून 280. राष्ट्रपतींच्या महाभियोगाला कलम 61 नुसार एकूण सदस्यसंख्येच्याच दोन तृतीयांश, म्हणजे 362. किती गैरहजर आहेत याचा इथे काही संबंध नाही. उपराष्ट्रपतींचा ठराव राज्यसभेत येतो, तिथे अध्यक्षांसारखंच तत्कालीन सर्व सदस्यांचं बहुमत, आणि मग लोकसभेची संमती. हे पान केल्यापासून या गटातली एकही चूक झालेली नाही, आणि प्रश्न त्यानंतर किमान सहा वेळा आलेत.

‘व’च्या चुकांची गोष्ट वेगळी निघाली. पहिल्या सहा टेस्टमध्ये अशा 14 चुका होत्या आणि त्यातल्या 9 ‘अयोग्य विधान ओळखा’ किंवा ‘कोणते बरोबर नाही’ या प्रकारच्या. इथवर कोणीही सांगेल. मला आश्चर्य वाटलं ते प्रश्न क्रमांक बघून. त्यातल्या बहुतेक 60 च्या पुढच्या होत्या. मी गणित-बुद्धिमत्ता शेवटी ठेवायचे, त्यासाठी वीस मिनिटं हवीत या भीतीने मधल्या भागात धावायचे, आणि नेमका तिथे ‘अयोग्य’ डोळ्यांखालून निसटायचा. त्यामुळे ‘नीट वाच’ असं स्वतःला बजावून काही होणार नव्हतं. गणित दुसऱ्या क्रमांकावर आणलं. शिवाय प्रश्न वाचतानाच नकारार्थी शब्दाला पेनाने गोल करते आणि प्रत्येक विधानाशेजारी ‘ब’ किंवा ‘चू’ लिहिते, मगच पर्यायांकडे जाते. आता अशी चूक टेस्टला एखादी होते, कधी तीही नाही.

वहीत फक्त चुकलेले प्रश्न ठेवायचे नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. टेस्ट सोडवताना ज्या उत्तराची खात्री नसते त्याच्यापुढे प्रश्नपत्रिकेवर एक टिंब देते. दोन पर्याय उडवून उरलेल्या दोनांतून निवडलं तर एक टिंब, पूर्ण अंधारात मारलं तर दोन. नंतर बरोबर आलेलं टिंबही वहीत जातं, कारण लागलेला तुक्का पुढच्या परीक्षेत लागेलच असं नाही. दहा टेस्टची बेरीज केली. एका टिंबाचे 64 प्रश्न, त्यातले 35 बरोबर. 29 चुकांचे सव्वासात गुण वजा केले तरी पावणेअठ्ठावीस गुणांचा फायदा. दोन टिंबांचे 41, त्यातले 7 बरोबर. 34 चुकांचे साडेआठ गेले, म्हणजे दीड गुण तोटा.

कागदावर बघितलं तर चार पर्यायांत आंधळा तुक्का थोडा फायद्याचाच असायला हवा. पाचात एक बरोबर आलं तरी बरोबरी होते. माझं प्रमाण त्याहून खाली का, ते चौथ्या रकान्यात दिसलं: काही सुचलं नाही की मी ‘वरील सर्व’ किंवा सगळ्यात ओळखीचं नाव निवडत होते, आणि पेपर काढणारा नेमकं तिथेच गळ टाकून बसलेला असतो. आता दोन टिंबांचे प्रश्न सोडून देते. एका टिंबाचा एकही सोडत नाही. दुसऱ्या कोणाचे आकडे वेगळे येतील, म्हणून माझा नियम उचलू नका, स्वतःची टिंबं मोजा.

वही कुठे कामाची नाही तेही सांगायला हवं. चालू घडामोडींत ती मी चौथ्या महिन्यात बंद केली. एखादा पुरस्कार कोणाला मिळाला हे चुकलं तर पुढच्या टेस्टला तो प्रश्न येतच नाही, दुसराच येतो. तिथे चूक परत होत नाही, रोज नवी होते. तसंच ‘म’च्या नोंदी वहीत ठेवून उपयोग नाही. जे वाचलेलंच नाही ते वाचायला हवं. त्यांचं फक्त उपघटकाचं नाव वेगळ्या पानावर टिपते आणि रविवारी ते पान पुस्तकांशेजारी ठेवते.

एका ठिकाणी वहीनेच मला फसवलं. एका टेस्टच्या उत्तरतालिकेत चूक होती, ती न तपासता मी शेवटच्या रकान्यात चुकीचा नियम लिहिला आणि महिनाभर निष्ठेने पाठ केला. उपराष्ट्रपतींच्या ठरावाला दोन्ही सभागृहांत तत्कालीन सर्व सदस्यांचं बहुमत लागतं, असा. कलम 67 उघडलं तेव्हा कळलं. आता राज्यशास्त्रातला नियम मूळ कलम बघितल्याशिवाय शाईने लिहीत नाही, तोवर पेन्सिल.

उजळणीतही एक खड्डा आहे. चुकलेले तेच प्रश्न पंधरा दिवसांनी सोडवले तर जवळजवळ सगळे बरोबर येतात, आणि आपण खूश होतो. माझ्या लक्षात आलं की मला उत्तर नव्हे, पर्याय क्रमांक 3 आठवत होता. त्यामुळे आता शेवटचा रकाना झाकून, चौथ्या रकान्यातली माझी चुकीची समजूत वाचते आणि ती का चूक आहे ते तोंडाने सांगते. ‘किंमत 25 टक्के वाढली म्हणून खप 25 टक्के कमी केला’ असं माझंच वाक्य समोर असतं. मग 100 चे 125 झाले, 125 मधून 25 काढायचे, म्हणजे पाचवा भाग, 20 टक्के, असं सांगावं लागतं. नोंदीवर काट मारायची ती त्याच उपघटकावरचे तीन नवे प्रश्न वेगवेगळ्या टेस्टमध्ये बरोबर आले तरच. या कसोटीवर 340 पैकी 212 नोंदी कटल्या. दोन पूर्णा नद्या अजून कटलेल्या नाहीत. अजिंठ्याच्या डोंगरातली गोदावरीला मिळते आणि मेळघाटाकडच्या डोंगरातली तापीला, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, पण जोड्या लावायला आल्या की हात अडखळतोच.

गेल्या चार टेस्टची सरासरी 82 प्रश्न सोडवलेले, 61 बरोबर, 21 चूक, म्हणजे पावणेछप्पन्न. 43 पासूनची ही वाढ सगळी वहीची नाही, अभ्यासही झालाच आहे. पण सोडवलेले प्रश्न कमी होऊन गुण वाढले, एवढं तरी मी वहीच्या खात्यात टाकते.

माझ्या रूममेटने मागच्या महिन्यात अख्ख्या वहीची झेरॉक्स काढून नेली. आठवड्याने परत आणून ठेवली. म्हणाली, “अगं, यातले अर्धे घोळ मला कधी झालेच नाहीत, आणि माझे जे होतात ते यात नाहीत.” तिने आता स्वतःचं रजिस्टर आणलंय. रकाने नऊ आखलेत. मी काही बोलले नाही.