ग्रहणाचा फोटो: फिल्टर की चाळणी?

२ ऑगस्ट २०२७ ला मराठवाड्यात खंडग्रास ग्रहण आहे. फोनवर आयएसओ १२३१२-२ प्रमाणित सौरफिल्टर लावून थेट सूर्य टिपता येतो, पण भिंगाचं नाभीय अंतर ५ मिमी असेल तर सेन्सरवर सूर्य जेमतेम ०.०५ मिमीचा, म्हणजे ठिपकाच. दुर्बीण जोडलीत तर फिल्टर तिच्या सूर्याकडच्या तोंडावर हवा, नाहीतर सेन्सर जळू शकतो. फोनच्या कडेवरून नजर वर गेली की डोळ्यांना धोका. एक्स-रे फिल्म तर नकोच.

स्वयंपाकघरातली चाळणी अंगणात, कागदापासून दोन मीटरवर धरा. प्रत्येक भोकातून साधारण १८ मिमीची कोर उमटते. सूर्याकडे पाठ करून तिचाच फोटो काढा. मी चाळणीच घेईन. ढग आले तर मात्र दोन्ही फसतात.