तिमाही रिपोर्टचं कव्हर लेटर: डेटाची अडचण तळाला लिहायची की त्या आकड्यालाच चिकटवायची?

रिपोर्ट तयार झाला की वर जोडायचं एक पानी पत्र उरतं, आणि ते लिहायच्या दोन पद्धती ऑफिसांत फिरत असतात. पहिली आपल्या सगळ्यांच्या हाताला बसलेली, म्हणजे विषय, संदर्भ, "सोबत अहवाल सादर करीत आहोत", मग रिपोर्टच्याच क्रमाने तीन निष्कर्ष आणि सगळ्यात खाली सहीच्या वर एक टीप की डेटामध्ये अमुक अडचण होती. दुसऱ्या पद्धतीत वरच्यांनी ज्यावर निर्णय घ्यायचाय ते आधी येतं आणि डेटाची अडचण ज्या निष्कर्षाला लागू आहे त्याच परिच्छेदात बसते, तळाला वेगळी टीप नसतेच. कुठली घ्यायची हे ठरवायचं असेल तर एकच केस दोन्ही पद्धतींनी लिहून बघणं बरं, नुसत्या चर्चेने काही कळत नाही.

केस अशी धरू. चाकणमधलं स्पेअर पार्ट्सचं गोदाम, ऑक्टोबर ते डिसेंबरची तिमाही. आकडे उदाहरणासाठी बेतलेले आहेत पण दुखणी नेहमीचीच. निष्कर्ष तीन. एक, पूर्ण आणि वेळेत गेलेल्या ऑर्डर्स, म्हणजे ओटीआयएफ, ९४ टक्क्यांवरून ८९ वर आल्या. दोन, माल भरून जाणाऱ्या गाडीचा आवारात जाणारा वेळ सरासरी ३ तास १० मिनिटं होता तो वाढला. तीन, पॅकिंगमध्ये कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावायला लागल्यापासून वाटेत माल खराब झाल्याचे क्लेम ४६ वरून २९ वर आले. आणि अडचण ही, की ९ ते २३ नोव्हेंबर गेटची सिस्टिम बंद होती, सिक्युरिटीवाल्यांनी रजिस्टरमध्ये नोंदी केल्या आणि त्या नंतर एक्सेलमध्ये भरल्या.

आता पहिल्या पद्धतीचं पत्र. यात पट्ट्यांची गोष्ट सहसा सगळ्यात वर जाते, कारण चांगली बातमी आधी दिली की साहेबांचा मूड राहतो अशी सगळ्यांची समजूत, आणि मग पुढे असं येतं:

"वाहनांचा आवारातील सरासरी वेळ ३ तास १० मिनिटांवरून ४ तास २० मिनिटांवर गेला आहे."

आणि पार खाली:

"टीप: नोव्हेंबरमधील काही दिवसांच्या गेट नोंदी हस्तलिखित असल्याने आकडेवारीत किरकोळ तफावत संभवते."

वाचायला सभ्य आहे, खोटंही काही नाही, फक्त यातून वाचणाऱ्याला काहीच करता येत नाही. काही दिवस म्हणजे किती, आकडेवारी म्हणजे तीनपैकी कुठली, आणि तफावत कुठल्या बाजूला? वर "किरकोळ" हा शब्द तर चक्क चुकीचा आहे, ते आकड्यांतच दिसतं. तिमाहीत १,८०० गाड्या गेल्या, त्यातल्या ३०० त्या पंधरा दिवसांतल्या. सगळ्या धरून सरासरी ४ तास २० मिनिटं येते, त्या ३०० काढल्या तर उरलेल्या १,५०० ची ३ तास ५० मिनिटं. म्हणजे मागच्या वेळेपेक्षा ७० मिनिटं वाढली म्हणायचं की ४० हा फरक आहे, याला किरकोळ कोण म्हणेल.

तीनशे गाड्यांनी एवढी सरासरी कशी ओढली हे बघायचं तर त्यांचीच वेगळी सरासरी काढा, ती ६ तास ५० मिनिटं निघते, आणि तिथेच शंका यायला हवी. बाहेर पडायच्या वेळा लावून पाहिल्या की ढीगभर गाड्या बरोबर दुपारी २ ला आणि रात्री १० ला बाहेर पडलेल्या दिसतात, म्हणजे शिफ्ट बदलायच्या वेळेला. गाडी गेली तेव्हा कोणी लिहिलं नाही, शिफ्ट संपताना राहिलेल्या सगळ्या नोंदी एका झटक्यात भरल्या. त्यामुळे चूक कुठल्या बाजूला आहे हे आपल्याला माहीत आहे, वेळ जास्तच दिसणार, कमी नाही. हे माहीत असून "तफावत संभवते" एवढंच लिहिणं म्हणजे हातातली माहिती खिशात ठेवणं.

आता दुसऱ्या पद्धतीत तोच परिच्छेद:

"२. गाड्यांचा आवारातला वेळ वाढला हे नक्की, किती वाढला ते अजून नक्की नाही. मागच्या तिमाहीत सरासरी ३ तास १० मिनिटं होती, या वेळी तूर्त ३ तास ५० मिनिटं धरावी. रिपोर्टच्या तक्त्यात ४ तास २० मिनिटं दिसतील, पण त्यात ९ ते २३ नोव्हेंबरच्या ३०० गाड्या आहेत ज्यांची बाहेर पडायची वेळ रजिस्टरवरून नंतर भरली आहे आणि ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. लोडिंगचा दुसरा डॉक सुरू करायचा का याचा विचार या आकड्यावर करता येईल, ट्रान्सपोर्टरचा डिटेन्शनचा दर मात्र यावरून ठरवू नये. दुरुस्त आकडा ई-वे बिलाच्या वेळा लावून १५ फेब्रुवारीपर्यंत देत आहोत."

लांब झालं, मान्य. पण बघा यात काय काय आलं: दिशा पक्की की आकडा पक्का, कुठल्या तारखा, किती गाड्या, चूक कुठल्या बाजूला, कुठला निर्णय चालेल आणि कुठला थांबवायचा. माझ्या मते यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य डिटेन्शनचं आहे. गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबली की ट्रान्सपोर्टर पैसे मागतो, त्याच्या करारावर जानेवारीत बोलणी चालू असतील आणि आपल्याच पत्रात ४ तास २० मिनिटं छापलेली असतील तर समोरच्याला आयतं हत्यार मिळालं. ई-वे बिलाचं म्हणाल तर ठरावीक किमतीच्या वरचा माल हलायच्या आधी ते काढावं लागतं आणि गाडीचा नंबर त्यात भरावा लागतो, त्यामुळे गाडी त्या वेळेच्या आधी नियमाने बाहेर पडलेली नसणार आणि बहुतेक वेळा त्यानंतर लवकरच सुटते. अगदी मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण रात्री १० च्या ढिगापेक्षा कैक पटीने बरं.

एक बारीक गोष्ट इथे सुटते. ३०० गाड्या काढून टाकल्या म्हणून ३ तास ५० मिनिटं शुद्ध झाली असं नाही. काढलेले दिवस महिन्याच्या मधले आहेत आणि गोदामात खरी झुंबड महिनाअखेरीला असते, म्हणजे आपण निवांत दिवस काढले आणि गर्दीचे ठेवले, त्यामुळे ३:५० सुद्धा थोडा चढाच असणार. हे पत्रात लिहायची गरज नाही, पण "तूर्त धरावी" हे शब्द तिथे का आहेत असं कोणी विचारलं तर उत्तर तयार हवं.

दुसऱ्या पद्धतीत क्रमही बदलतो. ओटीआयएफ पहिला येतो, कारण पैसा मागायचाय तो त्यावर. २,४०० ऑर्डर्सपैकी २६४ फेल, त्यातल्या फक्त ६० उशिरा गेल्या, २०४ अपुऱ्या गेल्या, आणि अपुऱ्यांतल्या १५० एकाच रांगेतल्या जास्त खपाच्या मालाच्या. सिस्टिममध्ये स्टॉक होता पण वरच्या रॅकवर, खालच्या बिनमध्ये उतरवलाच नव्हता, ऑर्डरचा माल काढणाऱ्या पिकरने तो नाही असं धरून शॉर्ट मारला आणि ऑर्डर अपुरीच पुढे ढकलली. म्हणून मागणी एवढीच, वरच्या रॅकवरचा माल खाली उतरवायला दुसऱ्या शिफ्टला एक रीच ट्रक ऑपरेटर. पहिल्या पद्धतीत हे सगळं "ओटीआयएफमध्ये ५ टक्के घट, कारणमीमांसा प्रकरण ३ मध्ये" इतकंच उरतं (आणि तेही ५ टक्के नाही, ५ टक्के पॉइंट). पट्ट्यांची बातमी शेवटी एका ओळीत, तिच्यावर कोणाला काही ठरवायचं नाहीये.

मग पहिली पद्धत टाकूनच द्यायची का? नाही. साखर कारखाना, दूध संघ, महापालिका अशा ठिकाणी पत्र नस्तीत लागतं, जावक क्रमांक पडतो, कार्यकारी संचालक समासात शेरा मारून खाली पाठवतात, तिथे विषय-संदर्भ आणि ठरलेला क्रम नसेल तर पत्र टेबलावरूनच परत येतं. ऑडिटवाल्यांनाही सगळ्या मर्यादा एका जागी लागतात. तिथे साचा जुनाच ठेवा, फक्त परिच्छेदांना क्रमांक द्या आणि दुसऱ्या निष्कर्षाच्या ओळीतच "(तात्पुरता, परि. ५ पाहा)" घाला, म्हणजे शेरा मारणाऱ्याची नजर तरी तिकडे जाईल.

पण प्रायव्हेट कंपनीत, जिथे पत्र म्हणजे ईमेलची बॉडी, तिथे माझं मत सरळ दुसऱ्या पद्धतीला आहे आणि कारण एकच, आकडा एकटा फिरतो. साहेब मोबाईलवर वाचतात, एक परिच्छेद कॉपी करून ग्रुपवर टाकतात, दुसऱ्या दिवशी तो फायनान्सच्या स्लाइडवर असतो, आणि तळाची टीप मूळ मेलमध्येच राहते. अडचण त्याच परिच्छेदात असेल तर निदान सोबत जाते, मुद्दाम कापली तरच सुटते. यात त्रासही आहे, "मग आकडा देताच कशाला" असं विचारणारे भेटतात आणि मीटिंगची दहा मिनिटं गेटच्या रजिस्टरवर जातात, पण तो वाद फेब्रुवारीत झालेला परवडतो, करारावर सही झाल्यावर नाही.

एका वेळी मात्र दोन्ही पद्धती सोडाव्या लागतात. अडचण तिन्ही निष्कर्षांना लागू असेल, समजा तिमाहीच्या मधेच गोदामाची सॉफ्टवेअर सिस्टिम बदलली आणि ऑर्डर "पूर्ण" कशाला म्हणायचं याची व्याख्याच बदलली, पूर्वी ऑर्डरमधल्या एकेका मालाच्या ओळीवर मोजायचे आता अख्ख्या ऑर्डरवर, तर ती तळाला नको आणि तीनदा तीन परिच्छेदांतही नको. ती पहिल्या निष्कर्षाच्याही वर, दोन वाक्यांत: अमुक तारखेपासून मोजणी बदलली, त्यामुळे मागच्या तिमाहीशी तुलना खाली दिलेली नाही, जुन्या मोजणीने काढलेले आकडे परिशिष्टात आहेत. आणि ते खरंच परिशिष्टात आहेत ना हे पाठवायच्या आधी उघडून बघा, कारण पहिला फोन त्यासाठीच येतो.