चार महिने तुरटीचे स्फटिक वाढवल्यावर: आकार नक्की कशावर ठरतो

किराणा दुकानातली पांढरी, काचेसारखी तुरटी या कामाला पुरते. पाणीशुद्धीकरणाची मळकट लादी मात्र घेऊ नये. ती बहुधा नुसतं ॲल्युमिनियम सल्फेट असते आणि तिचे अष्टफलक बनत नाहीत.

तीन सेंटिमीटर कडेचा एक अष्टफलक सुमारे 22 ग्रॅमचा असतो. तेवढीच तुरटी हजार कणांवर वाटली गेली, तर प्रत्येकाची कड जेमतेम तीन मिलिमीटर भरते. म्हणून बरणीत बी, म्हणजे ज्याच्यावर पुढचा स्फटिक वाढतो तो सुरुवातीचा लहान स्फटिक, एकच राहील हे पाहणं, हेच खरं काम.

अर्धा लिटर फिल्टरच्या पाण्यात 100 ग्रॅम तुरटी गरम करून विरघळवा, गाळा आणि निवू द्या. थोडं द्रावण बशीत ठेवलं की एक-दोन दिवसांत बारीक स्फटिक मिळतात. त्यांतला चार-पाच मिलिमीटरचा, पारदर्शक, एकटा वाढलेला निवडा आणि तंगुसाने बांधा. सुती दोरा नको, त्याच्या तंतूंवरच नवे कण धरतात. बरणीतलं द्रावण तळाला साका धरून दिवसभर खोलीत राहू द्या, मग वरचं नितळ द्रावण दुसऱ्या बरणीत ओता आणि बी त्यात टांगा.

टांगल्यावर टॉर्च मागे धरून पाहा. स्फटिकापासून लहरी खाली उतरत असतील तर तो विरघळतोय, कारण भोवतीचं द्रावण जड होतंय. वर चढत असतील तर तो वाढतोय. ही खूण फार कामाची आहे. विरघळताना दिसला तर लगेच बाहेर काढा आणि द्रावणात थोडी तुरटी घालून पुन्हा दिवसभर मुरू द्या.

खरा शत्रू म्हणजे तापमानातला चढउतार. अर्ध्या लिटर पाण्यात 30 अंशांना साधारण 83 ग्रॅम तुरटी मावते, 20 अंशांना 57. अंशामागे अडीच ग्रॅम! रात्रीत चार अंश उतरले की दहा ग्रॅम तुरटी जास्तीची होते. ती तळाशी नवे कण धरते आणि वाढत्या स्फटिकावर घाईने बसून त्याला आतून दुधाळ करते. दुपारी तापलं की कडा झिजतात. बरणी थर्माकोलच्या खोक्यात, खिडकी-ओट्यापासून लांब ठेवली की फरक स्पष्ट दिसतो.

त्यानंतर वाढ फक्त बाष्पीभवनाने होऊ द्यावी. तोंडावर कागद बांधून रोज तीन मिली पाणी उडालं, तर रोज साधारण अर्धा ग्रॅम तुरटी बसते. दोन सेंटिमीटरचा स्फटिक महिन्याभरात तीनचा होतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने हेच काम रखडतं, तेव्हा कागदाऐवजी विरळ कापड बांधावं.

तळाशी कण दिसले तर स्फटिक काढून ठेवा, द्रावण गरम करून कण विरघळवा, पूर्ण निवल्यावरच परत टांगा. कोमट द्रावणात टांगलेलं बी तासाभरात नाहीसं होऊ शकतं.

मोरचुदालाही हीच रीत लागू आहे, पण ते विषारी आहे: हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, उरलेलं मोरीत ओतू नका. दोन्ही स्फटिक कोरड्या हवेत पाणी सोडून पांढुरके पडतात, म्हणून काढल्याबरोबर पुसून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत.