काडी लावून दाखवलेली ‘प्युअर लेदर’ बॅग

फसवणूक झाली ती अशी. मुंबईतल्या एका दुकानात ऑफिसची बॅग ‘प्युअर लेदर’ म्हणून ३,२०० रुपयांना विकली गेली. विक्रेत्याने फ्लॅपची आतली बाजू दाखवली, ती खरखरीत आणि लवदार होती. मग तिथलाच एक तुकडा घेऊन काडी लावली. तो वितळला नाही, काळा पडला आणि जळक्या केसांसारखा वास आला. गिऱ्हाईक निश्चिंत झालं. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र फ्लॅपच्या घडीवर पोपडे सुटले आणि खाली करडी लव दिसू लागली.

यातली मेख अशी की काडीची परीक्षा खोटी नव्हतीच. जाड कातडं मशीनवर आडवं चिरलं की वरचा दाणेदार थर वेगळा होतो आणि खाली मऊ, कमी ताकदीचा थर उरतो. त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. स्प्लिटवर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा पापुद्रा चिकटवून दाण्यांचा ठसा उठवला की माल चकाचक दिसतो. पाठ चामड्याची असते, पण चेहरा प्लास्टिकचा. दमट हवेत पीयू हळूहळू कुजतं. बॅग कपाटात नुसती ठेवली तरी कुजतं, म्हणून आपल्या किनारपट्टीवर हे पोपडे लवकर निघतात. युरोपातल्या मानकानुसार वरचा लेप ०.१५ मिमीपेक्षा जाड असेल तर त्या मालाला नुसतं ‘लेदर’ म्हणताच येत नाही.

म्हणून सगळ्यात आधी कड बघा. बॅगेच्या बाहेरच्या कडा बहुधा रंगवलेल्या किंवा दुमडून शिवलेल्या असतात, तिथे काही कळत नाही. पट्ट्याची बक्कलसाठी पाडलेली भोकं, बक्कलची फट, आतल्या खिशाची न दुमडलेली कड अशा जागी मोबाईलचा टॉर्च मारा. वरच्या थराचं अस्सल कातडं असेल तर तंतू वर घट्ट आणि खाली जरा सैल दिसतात, पण मधे कुठेही रेघ नसते. पीयू चढवलेल्या स्प्लिटमध्ये लवदार भागावर एक गुळगुळीत पातळ रेघ स्पष्ट दिसते. नख लावलं की कधी कधी ती उचलली जाते. रेक्झिनमध्ये कापडाचे धागे दिसतात. चामड्याचा भुगा चिकटवून केलेला माल असेल तर कड भुसभुशीत असते आणि लांब तंतू सापडत नाहीत. कडेचा रंग मात्र निर्णायक मानू नका. क्रोमने कमावलेलं कातडं आतून निळसर करडं असू शकतं आणि तेही अस्सलच असतं.

त्या बॅगेचा पट्टा भोकापाशी कापल्यावर ही रेघ स्वच्छ दिसली. बाजूच्या पट्ट्या आणि तळ तर सरळ रेक्झिनचे निघाले. दाखवला गेला होता तो फक्त फ्लॅप. म्हणून प्रत्येक भाग वेगळा तपासा.

दाणे बघताना एकमेकांपासून लांबचे दोन भाग शेजारी धरा. जनावराच्या पाठीचे आणि पोटाकडचे दाणे सारखे नसतात. तीच खूण ठरावीक अंतरावर पुन्हा आली तर तो ठसा आहे. ठसा म्हणजे नकली असं मात्र नाही, कारण डाग घासून काढलेल्या अस्सल कातड्यावरही ठसा मारतात. बोटाने दाबून बघा: कातड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात, जाड पापुद्रा नुसता खड्डा पडून परत येतो.

वासावर फार विसंबू नका. स्प्लिटला चामड्याचाच वास येतो, शिवाय वासाचा फवारा मारलेला मालही मिळतो. खिशात नाक घालून प्लास्टिकचा उग्र दर्प आला, तर तेवढी शंका घ्यायला हरकत नाही.

पाण्याचा थेंब टाका, पण विक्रेत्याला विचारून आणि नजरेआडच्या जागी. वरच्या, गुळगुळीत बाजूवर टाकलेला थेंब मिनिटभरात मुरून जागा गडद झाली, तर तिथे प्लास्टिकचा पापुद्रा नाही. थेंब तसाच राहिला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण रंगाचा फिनिश दिलेलं अस्सल कातडंही पाणी पटकन पीत नाही. लवदार बाजूवर थेंब मुरवून दाखवणं ही तर काडीचीच दुसरी आवृत्ती आहे.

तक्रार घेऊन गेल्यावर दुकानदाराचं उत्तर तयार होतं: ‘लेदर आहेच की त्यात.’ बिलावर फक्त ‘लेदर बॅग’ एवढंच लिहिलेलं होतं. तेव्हा पैसे देण्याआधी बिलावर ‘फ्लॅप, पट्टा, बाजू, तळ – टॉप ग्रेन लेदर, पीयू कोटिंग नाही’ असं लिहून मागा. टॉप ग्रेन म्हणजे कातड्याचा तोच वरचा दाणेदार थर. असं बिल हातात असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात दाखवायला ठोस कागद राहतो. लिहून द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर बॅग तिथेच ठेवा.