वजन वाढवायचंय, ३०० कॅलरी जास्तीच्या आहेत: प्रोटीन वाढवावं की कार्ब्स?

हा प्रश्न साधारण अशा माणसाला पडतो. वजन ७० किलो, दीड-दोन वर्षं नियमित वेट ट्रेनिंग, रोजचं प्रोटीन १३० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दर किलोला १.८५ ग्रॅम. खाणं २४०० कॅलरींचं आणि वजन काही महिने जागचं हलत नाही. स्नायू वाढवायचे तर रोज ३०० कॅलरी जास्त खायला हव्यात, एवढं त्याने ठरवलंय. आता त्या ३०० कॅलरी कशातून घ्यायच्या? तीन स्कूप प्रोटीन पावडर घेऊन दर किलोला जवळजवळ ३ ग्रॅमवर जायचं, की प्रोटीन आहे तिथेच ठेवून भात, बटाटे, ओट्स, फळं वाढवायची?

माझं उत्तर स्पष्ट आहे: वजन वाढवायचं असेल तर दुसरा पर्याय. का, ते नीट मांडतो, कारण कारणं कळली की आपल्याला कधी पहिला पर्याय घ्यायचा हेही ठरवता येतं.

आधी दोन्ही पर्याय शेजारी ठेवून बघू. पचवताना जाणारी ऊर्जा इथे प्रोटीनसाठी २५ टक्के आणि कार्ब्ससाठी ७ टक्के धरली आहे.

| | पर्याय १: ७५ ग्रॅम प्रोटीन | पर्याय २: ७५ ग्रॅम कार्ब्स |
|---|---|---|
| दिवसाचं प्रोटीन | २०५ ग्रॅम (२.९ ग्रॅम प्रति किलो) | १३० ग्रॅम (१.८५ ग्रॅम प्रति किलो) |
| दिवसाचे कार्ब्स | २९० ग्रॅम | ३६५ ग्रॅम |
| पचवण्यात जाणारी ऊर्जा | सुमारे ७५ कॅलरी | सुमारे २० कॅलरी |
| हाती उरलेल्या कॅलरी | सुमारे २२५ | सुमारे २८० |
| भुकेवर परिणाम | पोट जास्त वेळ भरलेलं | तुलनेने कमी |

कागदावर दोन्हीकडे ३०० कॅलरी आहेत, पण शरीराला त्या सारख्या मिळत नाहीत. प्रोटीनमधल्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग ते पचवण्यात आणि वापरण्याजोगं करण्यात उष्णता म्हणून जातो. कार्ब्सचा ५ ते १० टक्के, आणि तेल-तुपासारख्या स्निग्ध पदार्थांचा त्याहून कमी. त्यात प्रोटीनने पोट भरतं. तीन स्कूप घेतल्यावर संध्याकाळच्या जेवणात नकळत दीडशे कॅलरी कमी झाल्या, तर ठरवलेली वाढ निम्म्याच्याही खाली येते. ज्यांचं वजन प्रयत्न करूनही वाढत नाही, त्यांच्यापैकी अनेकांची अडचण नेमकी इथे असते. प्रोटीन भरपूर, पण एकूण खाणं अपुरं.

आता मुळाशी जाऊ. प्रोटीन हा स्नायूंचा कच्चा माल आहे, मग जास्त माल दिला तर जास्त स्नायू का बनत नाहीत? एक साधा हिशेब करून पाहा. दोन वर्षं व्यायाम केलेल्या माणसाने महिन्याला अर्धा किलो स्नायू कमावला तर ती उत्तम प्रगती झाली. ताज्या स्नायूमध्ये साधारण तीन-चतुर्थांश पाणी असतं आणि प्रोटीन पाचव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे महिनाभरात नव्या स्नायूंत साठलेलं प्रोटीन १०० ग्रॅम, दिवसाला जेमतेम साडेतीन ग्रॅम. बाकीचं प्रोटीन शरीरात रोज चाललेल्या मोडतोडीच्या आणि दुरुस्तीच्या कामी येतं. ही गरजही व्यायामामुळे वाढते, म्हणून बैठ्या माणसापेक्षा आपल्याला बरंच जास्त लागतं. पण ती भागली की उरलेल्या प्रोटीनला जागा नसते. यकृत त्यातला नायट्रोजन काढून त्याचा युरिया बनवतं, तो लघवीवाटे जातो, आणि उरलेला कार्बनचा भाग इंधन म्हणून जळतो. सतत खूप प्रोटीन खाणाऱ्याचं शरीर ते जाळण्यात अधिकच तरबेज होतं. म्हणजे २ ग्रॅमच्या पुढचं बहुतेक प्रोटीन हे महागडं, जड आणि पोट भरणारं इंधन ठरतं.

ही मर्यादा नेमकी कुठे येते? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात वेट ट्रेनिंगवरचे ४९ अभ्यास आणि १८०० हून अधिक माणसं एकत्र तपासली गेली. दर किलोला १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीन वाढवलं तर स्नायूंची वाढ सुधारत होती, त्यापुढे रेषा सपाट होत गेली. मात्र हा आकडा टोकदार नाही. त्याची संभाव्य व्याप्ती १ पासून २.२ ग्रॅमपर्यंत होती. म्हणून १.६ वर अडून बसण्यापेक्षा १.८ ते २ वर राहणं मला शहाणपणाचं वाटतं. आपण त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असलो तरी फारसं काही हुकत नाही. २ च्या पुढे एकदम शून्य फायदा होतो असं नाही, पण जो होतो तो इतका बारीक असतो की त्या कॅलरींना दुसरीकडे जास्त चांगलं काम मिळतं.

याच प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग अमेरिकेत लुइझियानातल्या पेनिंग्टन संशोधन केंद्रात झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. २५ निरोगी माणसांना केंद्रातच ठेवून आठ आठवडे रोज सुमारे ९५० कॅलरी जास्त खायला घातल्या. तीन गट होते. पहिल्याला प्रोटीन फारच कमी, दर किलोला ०.७ ग्रॅमच्या आसपास, दुसऱ्याला १.८ ग्रॅम, तिसऱ्याला ३ ग्रॅम. चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली. चरबीरहित वजन मात्र पहिल्या गटात ०.७ किलोने घटलं, दुसऱ्यात २.९ किलोने वाढलं आणि तिसऱ्यात ३.२ किलोने. ०.७ वरून १.८ वर येताना साडेतीन किलोचा फरक, आणि १.८ वरून ३ वर जाताना फक्त ३०० ग्रॅमचा. यात वेट ट्रेनिंग नव्हतं आणि चरबीरहित वजनात पाणीही मोजलं जातं, हे लक्षात ठेवायला हवं. तरी उतार कुठे संपतो ते यातून स्वच्छ दिसतं.

दुसरीकडे, २०१४ साली व्यायामात मुरलेल्या माणसांना आठ आठवडे दर किलोला ४.४ ग्रॅम प्रोटीन खायला सांगितलं गेलं. त्यांच्या नोंदींप्रमाणे ते रोज सुमारे ८०० कॅलरी जास्त खात होते. ना स्नायूंत, ना चरबीत, नेहमीसारखं खाणाऱ्या गटापेक्षा ठळक फरक पडला. हे लोक घरीच खात होते आणि नोंदी स्वतः करत होते, त्यामुळे ८०० हा आकडा मी जसाच्या तसा धरत नाही. पण निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाचता येतो. जादा प्रोटीनने चरबी वाढत नाही, ही चरबी टाळणाऱ्यासाठी चांगली बातमी. वजन वाढवू पाहणाऱ्यासाठी मात्र ती गैरसोयीची आहे.

मग त्या ३०० कॅलरींनी कार्ब्स म्हणून नेमकं काय साधतं? पहिलं म्हणजे ऊर्जेची खरीखुरी भर, आणि स्नायू बांधायला ती लागतेच. दुसरं म्हणजे ग्लायकोजेन. जड सेट्स मुख्यतः स्नायूंत साठलेल्या या इंधनावर चालतात आणि एका कसदार सत्रात त्या-त्या स्नायूंतला साठा बराच खाली जातो. इथे अतिशयोक्ती नको. अर्ध्या-पाऊण तासात आठ-दहा सेट्स करून बाहेर पडणाऱ्याला २९० ग्रॅम कार्ब्सही पुरतात, त्याला ३६५ ग्रॅमने अंगात काही वेगळं जाणवणार नाही. फरक पडतो तो पायांचे पंधरा-वीस सेट्स करणाऱ्याला, दिवसातून दोनदा व्यायाम करणाऱ्याला, किंवा वेट्सबरोबर धावणं-पोहणं करणाऱ्याला. सत्राच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात वजन तेच असूनही रेप्स भराभर घसरत असतील, तर ती खूण. अशा वेळी ७५ पैकी ५० ग्रॅम व्यायामाच्या दीड-दोन तास आधी घ्या, उरलेले नंतरच्या जेवणात.

कार्ब्सकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: आहारातली स्निग्धता. आपल्या उदाहरणातला माणूस दिवसाला ८० ग्रॅम स्निग्ध पदार्थ खातो, त्यामुळे त्याचा प्रश्न नाही. पण काही जण तेल-तूप जवळजवळ बंद करून ३०-३५ ग्रॅमवर आलेले असतात. ७० किलोच्या माणसासाठी हे कमी आहे. अगदी कमी स्निग्ध आहारावर पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये काहीशी घट अभ्यासांत दिसली आहे, आणि जेवणही बेचव होतं. अशा माणसाने ३०० मधल्या १८० कॅलरी सुका मेवा किंवा तेलातून घ्याव्यात, म्हणजे २० ग्रॅम भर पडेल. बाकीच्या १२० कार्ब्समधून.

बदल केल्यावर पहिल्या दहा दिवसांत काट्यावर अर्धा ते एक किलो वाढ दिसेल. त्यावर निर्णय घेऊ नका. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, ती वाढ बहुतांशी तीच असते. त्यानंतर रोज सकाळी वजन घेऊन आठवड्याची सरासरी काढा. ७० किलोच्या माणसासाठी आठवड्याला १७५ ते ३५० ग्रॅम वाढ ठीक. तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर आणखी १००-१५० कॅलरी वाढवा, त्याही कार्ब्समधून. उलट कंबरेचा घेर भराभर वाढतोय आणि वजन उचलण्यात प्रगती नाही, तर भर जास्त झाली आहे. ३०० च्या १५० करा. दोन्ही वेळा प्रोटीन १३० ग्रॅमवरच राहू द्या.

पर्याय १ कधी घ्यावा, तेही सांगतो. चरबी कमी करण्यासाठी खाणं घटवलं असेल तेव्हा गणित उलटं होतं. तिथे पोट भरणं आणि पचवण्यात ऊर्जा जाणं हे दोन्ही फायद्याचे होतात आणि स्नायू वाचवण्यासाठी प्रोटीनची गरजही वाढते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ सालच्या प्रयोगात तरुणांचं खाणं चार आठवडे सुमारे ४० टक्क्यांनी कमी केलं होतं आणि व्यायाम कडक होता. दर किलोला २.४ ग्रॅम प्रोटीन खाणाऱ्यांचं चरबीरहित वजन १.२ किलोने वाढलं, १.२ ग्रॅम खाणाऱ्यांचं जेमतेम टिकलं. तुलना १.२ शी आहे, १.८ शी नाही, त्यामुळे यातून ३ ग्रॅमचं समर्थन होत नाही. पण २.२ ते २.४ पर्यंत जायला हरकत नाही, विशेषतः आधीच सडसडीत असणाऱ्याने. सगळं प्रोटीन डाळी आणि धान्यांतूनच येत असेल तरीही २ च्या थोडं वर राहावं, कारण त्यातलं सगळं तितकंसं पचत नाही. वजन फार जास्त असेल तर हे सगळे आकडे सध्याच्या वजनावर न लावता, जिथे पोचायचंय त्या वजनावर लावावेत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र यातला कुठलाच आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपला ७० किलोचा माणूस पुढे ७४ ला पोचून चरबी उतरवायला लागला, की प्रोटीन १६५ ग्रॅमपर्यंत न्यावं आणि कपात आधी कार्ब्समधून करावी, स्निग्ध पदार्थ ५० ग्रॅमच्या खाली जाऊ न देता.