बुडवलेली मच्छरदाणी की टिकाऊ औषधाची?

मलेरियाच्या सरकारी कार्यक्रमात आधी साध्या मच्छरदाण्या डेल्टामेथ्रिन या डासनाशक औषधाच्या द्रावणात बुडवून देत. औषध धाग्यावर वरवरच बसे; दोन-तीन धुण्यांत बरंचसं निघून जाई, मग पुन्हा बुडवा. टिकाऊ मच्छरदाणीत ते धाग्यातच किंवा त्यावरच्या लेपात घट्ट बसवलेलं असतं, हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि साधारण वीस धुणी टिकतं. माझं मत हिलाच. मात्र साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा.

दोन्हींत औषध डासाच्या पायांतून शिरतं, मज्जातंतू सतत उत्तेजित ठेवतं. डास लुळा पडून मरतो किंवा न चावताच पळतो. म्हणून लहानसं भोक चालून जातं. औषध विरलं की मात्र त्याच भोकातून डास बिनधास्त आत येतो.