घड्याळ चुकलंय की कुकी बिघडली? ब्राउझरच्या दोन एरर समोरासमोर

साइट उघडत नाही म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘तारीख बघ’ आणि ‘कुकी उडव’. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच वेळी नाहीत. आधी काय करायचं ते स्क्रीनवर कोणती एरर आली आहे त्यावरून ठरवता येतं.

सर्टिफिकेटची तक्रार असेल तर आधी घड्याळाकडे जा. क्रोममध्ये `NET::ERR_CERT_DATE_INVALID` दिसतं, कधीकधी सरळ `Your clock is behind` असंच लिहून येतं. फायरफॉक्स मुदत संपली असं वाटल्यास `SEC_ERROR_EXPIRED_CERTIFICATE` दाखवतो. कारण सोपं आहे. प्रत्येक सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि ब्राउझर ते तुमच्या मशीनच्या घड्याळाशी ताडून बघतो. समजा सर्टिफिकेट १० मार्च २०२६ ते ८ जून २०२६ असं ९० दिवसांचं आहे. मदरबोर्डवरचा सेल संपल्यामुळे मशीन चालू करताच १ जानेवारी २०२० दाखवतंय. मग ब्राउझरच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. अशा वेळी एक नाही, जवळपास सगळ्या साइट एकदम अडतात, आणि हीच खूण आहे. एकच साइट अडत असेल आणि बाकीच्या नीट उघडत असतील, तर दोष बहुधा त्या साइटचा असतो.

`ERR_TOO_MANY_REDIRECTS` आली तर मात्र उलट क्रम. ही एरर म्हणजे सर्व्हरने ‘इकडे नाही, तिकडे जा’ असं इतक्या वेळा सांगितलं की ब्राउझरने नाद सोडला; क्रोम साधारण २० फेऱ्यांनंतर थांबतो. इथे पहिला संशय जुन्या कुकीवर, दुसरा साइटच्या सेटिंगवर. तीच साइट प्रायव्हेट विंडोत उघडून बघा. तिथे चालली तर त्या साइटच्या कुकी पुसल्या की काम होतं. तिथेही फिरत राहिली तर बहुतेक वेळा सर्व्हरवरच काहीतरी गुंता आहे, आणि तुम्ही कितीही वेळा घड्याळ लावलंत तरी तो सुटणार नाही.

तरीही घड्याळामुळे फेऱ्या होतात, फक्त फरक थोडा असताना. तारीख वर्षानुवर्षं मागे असेल तर सर्टिफिकेटच दारात अडवतं, पुढे पाठवण्याची वेळच येत नाही. घड्याळ एकच दिवस पुढे असेल तर ९० दिवसांचं सर्टिफिकेट बहुधा निमूट चालतं. आता लॉगिन करा. साइट तासाभराच्या मुदतीचं टोकन देते. पानातली स्क्रिप्ट ते तुमच्या घड्याळाशी ताडते, मुदत संपलेली बघते आणि परत लॉगिनकडे पाठवते. लॉगिनचं पान म्हणतं, ‘तुम्ही तर आत आहात,’ आणि पुन्हा मागे धाडतं. यात गंमत अशी की हे स्क्रिप्टचं काम असल्यामुळे २० फेऱ्यांची मोजणी लागू होत नाही. एरर न येता पान नुसतं लुकलुकत राहतं. कुकीच्या मुदतीमुळे खरी रीडायरेक्ट एरर येणं त्या मानाने विरळा, कारण क्रोम आणि फायरफॉक्स कुकीची मुदत मोजताना सर्व्हरने पाठवलेली वेळही बघतात.

शंका असेल तर अंदाज करत बसू नका, थेट मोजा. साधं `http` वापरलं की सर्टिफिकेट मध्ये येत नाही. लिनक्स किंवा मॅकवर:

```
curl -sI http://example.com | grep -i '^date'
date -u
```

दोन ओळींत काही सेकंदांचाच फरक असेल तर घड्याळ निर्दोष आहे. दुसरी आज्ञा मुद्दाम `-u` लावून दिली आहे. कोपऱ्यातली वेळ बरोबर दिसत असली तरी टाइमझोन चुकीचा असेल तर आतली वेळ काही तासांनी चुकलेली असते, आणि नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही.

दुरुस्तीसाठी लिनक्सवर `sudo timedatectl set-ntp true`, विंडोजवर अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत `w32tm /resync`. फरक फार मोठा असेल तर विंडोज आपणहून वेळ बदलायला नकार देऊ शकतं. आधी तारीख हाताने जवळपास आणा, मग सिंक करा. त्यानंतर अडलेल्या साइटच्या कुकी आणि साठवलेला डेटा पुसा, कारण चुकीच्या वेळेची नोंद तिथे मागे राहिलेली असू शकते. मशीन बंद करून चालू केल्यावर तारीख पुन्हा मागे गेली तर सेल बदला. डेस्कटॉपमध्ये तो बहुतेक CR2032 असतो.

‘तरीही पुढे जा’ हा तिसरा पर्याय मी मुद्दाम तुलनेत धरलेला नाही. घड्याळ चुकीचं असताना खरंच मुदत संपलेलं सर्टिफिकेट कोणतं आणि चांगलं कोणतं हे तुम्हालाही ओळखता येत नाही.